आधी म्हणा, मग दाबा

इंदूरच्या आमच्या कॉलनीत तिसऱ्या गल्लीत 26 घरं आहेत. यंदा गणपतीच्या वर्गणीचं पत्रक त्यांतल्या एकाच घरी पोचलं. उरलेल्या 25 घरांनी मंडळाच्या नव्या खजिनदारांना रस्त्यात गाठून, आम्हाला वाळीत टाकलंय का, असं विचारलं. खजिनदारांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण यादी माझी होती.

अकरा वर्षं मी मंडळाचा खजिनदार होतो. यादी एक्सेलमध्ये होती खरी, पण डोकं वहीचं. पहिल्या खणात ‘गल्ली 3’ एकदा लिहायचं आणि खालचे खण मोकळे सोडायचे. वाचणाऱ्याला कळतंच की खालची सगळी मंडळी त्याच गल्लीतली. एक्सेलला ते कळत नाही. त्याच्या लेखी मोकळा खण म्हणजे मोकळा खण. नव्या खजिनदारांनी फिल्टर लावून ‘गल्ली 3’ निवडली, तेव्हा ज्या एका ओळीत ते शब्द होते तेवढी ओळ त्यानं काढून दिली. त्यांनी भाबडेपणानं एकच पत्रक छापलं.

यावरचा उपाय मला येतो. त्यांच्या घरी जाऊन, पोह्यांची बशी डाव्या हातात धरून, उजव्या हातानं मी दहा सेकंदांत यादी भरून दिली. पोह्यांवरचं जिरावण त्यांच्या कीबोर्डवर सांडलं, ते वेगळं. ते स्क्रीनकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “भिया, हे कसं केलंत? एक छोटासा व्हिडिओ बनवून टाका ना. दीड मिनिटाचा. पुढच्या खजिनदारालाही होईल.”

दहा सेकंदांचं काम दीड मिनिटात सांगायचं, म्हणजे हातात भरपूर वेळ, असं मला वाटलं. पुढे चार रात्री गेल्या.

आधी युक्ती सांगतो, म्हणजे पुढचे हाल समजतील. 212 नावं, 9 गल्ल्या. गल्लीचं नाव ‘अ’ स्तंभात, म्हणजे A मध्ये, दुसऱ्या ओळीपासून 213व्या ओळीपर्यंत. त्यात 9 खण भरलेले आणि 203 मोकळे. दाबायचं ते एवढंच:

```
A2:A213   Enter
Ctrl+G    Alt+S    K    Enter
=    ↑    Ctrl+Enter
```

पहिली ओळ डाव्या कोपऱ्यातल्या, खणाचा पत्ता दाखवणाऱ्या चौकटीत लिहायची. त्यानं सगळा पट्टा निवडला जातो. दुसऱ्या ओळीनं त्या पट्ट्यातले फक्त मोकळे खण निवडलेले राहतात. तिसऱ्या ओळीत आपण म्हणतो, ‘माझ्या डोक्यावरच्या खणात जे आहे तेच माझ्यात’. मग नुसतं एंटर न मारता कंट्रोल धरून एंटर मारलं, की ते वाक्य 203 खणांत एकदम उतरतं. प्रत्येक खण आपापल्या वरच्याकडे बघतो आणि गल्लीचं नाव हातोहात खाली पोचतं.

पहिल्या रात्री मी स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू केलं आणि एकीकडे बोलत, एकीकडे करत सुटलो. हाताला तीस वर्षांची सवय आहे आणि जिभेला समजावून सांगायची अजिबात नाही. हात कंट्रोल-जी दाबून, पुढची खिडकी उघडून, ती बंद करून मोकळा झाला, तेव्हा तोंड “आता आपण काय करणार आहोत तर” इथवर आलं होतं. ऐकताना वाटत होतं की क्रिकेट सामन्याचं धावतं वर्णन चाललंय आणि समालोचक एक षटक मागे आहे.

तो व्हिडिओ मी बायकोला दाखवला. तिनं शांतपणे पाहिला आणि विचारलं, “हे आपोआप होतं का?”

मी म्हटलं, “आपोआप कसं? मी केलं की.”

“तुम्ही कुठे काय केलंत? तो बाण तर एका जागी बसून होता. मी त्याच्याकडेच बघत होते.”

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. शॉर्टकट ही गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. सगळी गंमत कीबोर्डवर, आणि कॅमेरा कीबोर्डकडे नाहीच. बघणाऱ्याला दिसतं ते इतकंच की अचानक एक खिडकी उगवली, मावळली, आणि खण भरले. त्याची नजर हलणाऱ्या वस्तूला चिकटते आणि काही हलत नसेल तर कर्सरला चिकटते. माझा कर्सर पूर्ण वेळ 7व्या ओळीवर निवांत पडलेला होता. बायकोनं दीड मिनिट 7व्या ओळीचं दर्शन घेतलं.

दुसऱ्या रात्री ठरवलं, कर्सरला कामाला लावायचं. मास्तर छडीनं फळ्यावर दाखवतात तसं, ज्याबद्दल बोलतोय तिथे कर्सर न्यायचा. ऐकायला सोपं आहे. पण एक्सेलमधला कर्सर म्हणजे बहुरूपी. खणाच्या मध्यावर तो जाड पांढरं अधिकचं चिन्ह असतो. निवडलेल्या खणाच्या कडेवर गेला की चार दिशांचा बाण होतो. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर नेला की बारीक काळा अधिक. माझ्या उत्साही कर्सरनं “हे पहा, हा खण” म्हणताना खणाभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, तेव्हा तो तिन्ही रूपांतून गेला. बघणारा गल्ली बघणार की सोंगं?

त्यात मला बोलताना माउसचं डावं बटण दाबून धरायची सवय आहे, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. कडेवर असताना बटण दाबून हात हलला, की खणातला मजकूर उचलून दुसरीकडे जातो. “ही आपली दुसरी गल्ली” असं म्हणत मी दुसरी गल्ली उचलली आणि पाचव्या गल्लीच्या मधोमध नेऊन ठेवली. आवाज अगदी आत्मविश्वासाचा. रेकॉर्डिंग पाहताना लक्षात आलं की मी एका दमात आठ कुटुंबांचं घर बदललं होतं.

भाची कॉलेजात आहे आणि असले व्हिडिओ बनवते. तिला फोन केला. ती म्हणाली, “मामा, स्क्रिप्ट कुठाय?”

“दीड मिनिटाला कसली स्क्रिप्ट?”

“दीड मिनिटालाच लागते. दीड तासात कुणी बघत नाही.”

तिनं सांगितल्याप्रमाणे मी तीन रकाने आखले. एक्सेलमध्येच. पहिल्यात तोंड, दुसऱ्यात हात, तिसऱ्यात झूम. तोंडाच्या रकान्यात “डावीकडे वर, ही पत्त्याची चौकट” असेल, तर हाताच्या रकान्यात “कर्सर सरळ रेषेत चौकटीकडे, पोचला की हात काढ” आणि झूमच्या रकान्यात “‘डावीकडे’ म्हणायच्या जरा आधी सुरू, ‘चौकट’ म्हणेपर्यंत स्थिर”. शेवटच्या शब्दावर तिचा फार भर होता. चित्र मोठं होत असताना कर्सर हलता कामा नये, कारण तेव्हा सगळंच सरकत असतं आणि कर्सर कुठे चाललाय ते डोळ्याला कळत नाही. आधी झूम, मग थांबणं, मग कर्सर. आणि बोलण्याचा नियम असा की आधी म्हणायचं, मग दाबायचं. “कंट्रोल जी” हे शब्द पूर्ण झाले, अर्धा श्वास गेला, मग कळ. उलट केलंत तर खिडकी आधी येते, शब्द नंतर, आणि बघणाऱ्याला वाटतं आपलं काहीतरी सुटलं. तो व्हिडिओ मागे नेतो. दोनदा मागे नेला की बंदच करतो.

हा अर्धा श्वास मला जड गेला. “कंट्रोल जी” म्हणताना बोटं घोड्यासारखी खूर आपटत असतात. शेवटी मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचो आणि शब्द संपला की एक हात सोडवायचो. बायको दारातून बघून गेली, काही बोलली नाही.

तिसरी रात्र झूमची. भाचीच्या मित्रानं `ZoomIt` नावाचं एक फुकट मिळणारं छोटं साधन टाकून दिलं. कंट्रोल-1 दाबलं की पडदा जागच्या जागी मोठा होतो. मी खूश. पत्त्याच्या चौकटीवर झूम केलं, स्थिर झालो, अर्धा श्वास घेतला आणि चौकटीवर क्लिक केलं. तिथे लाल ठिपका उमटला. हात हलला तशी ठिपक्याची रेघ झाली. A2 टाइप करून पाहिलं, चौकटीत काही उमटेना. मी एस्केप दाबत सुटलो, तेव्हा कुठे पडदा मूळ रूपात आला.

झालं होतं ते असं. कंट्रोल-1 नं पडदा मोठा होतो म्हणजे पडद्याचा फोटो मोठा होतो. त्या फोटोमागे एक्सेल आहे, पण तुमचा हात तिथे पोचत नाही. फोटोवर क्लिक केलं की लेखणी हातात येते. म्हणजे मी एक्सेलच्या फोटोला कुंकू लावत होतो. वर कंट्रोल-1 ही एक्सेलची स्वतःची कळ आहे, खणाचं रूप बदलायची खिडकी उघडते तिच्यानं. ती कळ या साधनानं परस्पर बळकावली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कामासाठी मी सवयीनं तीच कळ दाबली आणि जीएसटीच्या तक्त्याचा एकच आकडा पडदाभर झाला.

त्याच साधनात कंट्रोल-4 असतं. त्यात पडदा जिवंत राहून मोठा होतो, टाइप केलेलं खरंच उमटतं. तेही केलं. पण ते झूम माउसच्या मागे जातं. आणि आपली युक्ती तर कीबोर्डची. मी डाव्या कोपऱ्यात झूम करून कंट्रोल-जी दाबलं, खिडकी उघडली ती एक्सेलच्या मध्यावर, म्हणजे चित्राबाहेर. मी “ही बघा खिडकी” म्हणतोय आणि बघणाऱ्याला ‘गल्ली 1’ हे दोन शब्द दिसतायत, भिंतीवरच्या पाटीएवढे.

शेवटी भाचीनं सगळं रद्द करवलं. झूम नंतर, एडिटिंगमध्ये. रेकॉर्डिंग करताना दोनच गोष्टी करायच्या. एक्सेलची खिडकी पडदाभर न ठेवता लहान करायची, म्हणजे मधली खिडकी स्तंभाच्या शेजारीच उगवते आणि एका चित्रात दोन्ही मावतात. आणि एक्सेलचं स्वतःचं झूम, उजव्या खालच्या कोपऱ्यातलं, आधीच 160 टक्क्यांवर न्यायचं. मी विचारलं, नंतर झूम करणारच आहेस तर हे कशाला? तिनं समजावलं. 1920 गुणिले 1080 चं चित्र नंतर दुप्पट मोठं केलं की त्यातला पाव भागच पडदाभर ताणला जातो, म्हणजे 960 गुणिले 540. अक्षरं पाण्यात भिजलेल्या पोस्टकार्डासारखी होतात. एक्सेल स्वतः मोठं करतं तेव्हा अक्षरं नव्यानं काढतं, ती स्वच्छ राहतात. म्हणून मोठं काम एक्सेलकडे, आणि एडिटिंगमध्ये फक्त थोडंसं जवळ जाणं, तेही सबंध व्हिडिओत तीनदा. पत्त्याच्या चौकटीवर, मधल्या खिडकीवर आणि एकदा अगदी शेवटी. दर वाक्याला झूम केलं तर बघणाऱ्याला एमआर टेन रस्त्यावरच्या खड्ड्यांतून रिक्षा चालल्यासारखं वाटतं, हे मात्र माझं मत.

कळा दिसत नाहीत याचा इलाज सगळ्यात साधा निघाला. पडद्याच्या खाली काळी पट्टी, आणि ज्या क्षणी कळ दाबली त्या क्षणी तिच्यावर तीच कळ लिहिलेली. हे मला पहिल्या रात्री सुचलं असतं तर बायकोनं 7वी ओळ पाहिली नसती.

आता आवाज. भाची म्हणाली, आवाज आधी रेकॉर्ड करा, मग तो कानात ऐकत हात चालवा. हाच खरा तोडगा होता. बोलणं आणि करणं एकाच डोक्यात एकाच वेळी चालत नाही. पण स्वतःचंच बोलणं कानात वाजत असेल तर हात निमूटपणे शब्दामागून चालतो. हाताला थोडा उशीर झाला तर नंतर दोन सेकंद कापता येतात, हात आधी पोचला तर तेच चित्र क्षणभर थांबवून ठेवता येतं. आवाजाला हात लावायचा नाही, चित्र त्याच्या मापानं शिवायचं.

म्हणून चौथा दिवस आवाजाचा. सकाळी सातला बसलो, “डावीकडे वर” इतकं बोललो, तोच कचरागाडी आली. आपलं शहर स्वच्छतेत 2017 पासून वर्षानुवर्षं पहिलं आलंय, याचा मला अभिमान आहे. पण ती गाडी गाणं वाजवत येते, आमच्या फाटकाशी थांबते आणि निघाली असं वाटेपर्यंत मागच्या गल्लीतून परत ऐकू येते. रात्री बसलो, तर साडेअकराला शेजारचं कुटुंब सराफ्यातल्या खाऊगल्लीतून परतलं. भुट्ट्याचा कीस खाल्लेली माणसं मोटारीतून उतरताना इतकी आनंदी का असतात, आणि तो आनंद फाटकातच का व्यक्त करतात? बारानंतर शांतता झाली. तेव्हा ऐकू आला पंखा. भाद्रपदाच्या तोंडावरची उकाड्याची रात्र, खिडक्या बंद, पंखा बंद, आणि मी बनियनवर बसून आर्जवी आवाजात म्हणतोय, “आता मोकळे खण निवडले गेले आहेत.” अंधारात बायको म्हणाली, “जागे पण राहिले आहेत.” तेही रेकॉर्ड झालं. कापावं लागलं.

एका मुद्द्यावर माझं भाचीशी वाजलं. शेवटची पंधरा सेकंदं तिला काढायची होती. मी ऐकलं नाही. खण भरले, पण त्यांच्यात गल्लीचं नाव नाही, ‘वरच्याकडे बघ’ एवढंच आहे. उद्या कुणी ही यादी आडनावाप्रमाणे लावली, की वरचा शेजारी बदलणार आणि गल्ली चुकणार. तिसऱ्या गल्लीची 26 घरं पुन्हा कुठेतरी भलतीकडे. म्हणून पुन्हा A2 ते A213 निवडायचं, कॉपी करायचं, आणि कंट्रोल-ऑल्ट-व्ही, मग व्ही, मग एंटर, म्हणजे तिथल्या तिथे फक्त मजकूर चिकटवायचा. ही पंधरा सेकंदं कंटाळवाणी आहेत हे मान्य. ठेवली. त्यांच्या आधी, खण भरल्या भरल्या, तिसरं झूम खालच्या पट्टीवर आहे. तिथे एक्सेल स्वतःच्या तोंडानं `Count: 203` सांगतं. 212 वजा 9. त्या आकड्यावर मी दोन सेकंद काही बोलत नाही. व्हिडिओतली माझी आवडती जागा ती.

लांबी 1 मिनिट 34 सेकंद. मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 19 अंगठे आले, एकानं ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहिलं. अध्यक्षांनी आवाज भारदस्त असल्याचं कळवलं.

दुसऱ्या दिवशी रात्री नव्या खजिनदारांचा फोन. महिला मंडळाची यादी त्यांनी स्वतः केली होती, तिच्यावर युक्ती चालत नव्हती. “सगळं तुमच्यासारखं केलं. तुम्ही म्हणालात, मग मी दाबलं. अर्धा श्वाससुद्धा घेतला. तो म्हणतो, `No cells were found.` आणि खण तर समोर मोकळे दिसतायत!”

मी म्हटलं, “बाजूच्या कुठल्याही मोकळ्या खणात लिहा: बरोबर, मग LEN, कंसात A3, कंस बंद. एंटर.”

```
=LEN(A3)
```

“लिहिलं.”

“काय आलं?”

“एक.”

खरोखर रिकामा खण असता तर शून्य यायला हवं होतं. आत एक अक्षर होतं, न दिसणारं. मी विचारलं, “तुम्ही स्पेसबार दाबलात का तिथे?”

“हो तर. मी आधी वहीसारखी दोन टिंबं दिली होती प्रत्येक ओळीत, वरीलप्रमाणे म्हणून. मग तुमचा व्हिडिओ पाहिला. तुम्ही म्हणता, खण मोकळे हवेत. म्हणून बसून सगळी टिंबं पुसली. स्पेसबारनं. एकशे चाळीस. दोन संध्याकाळी गेल्या, भाऊसाहेब.”

मी काही क्षण गप्प राहिलो. त्यांना वाटलं फोन कटला. मग म्हणाले, “याचा पण एक छोटासा बनवून टाका ना.”

मी फोन ठेवला. बायकोनं काही न विचारता उठून पंखा बंद केला.